अनंतातून अनंत वजा करताना

एकाआड एक अधिक-उणे चिन्हांची श्रेणी १ − १/२ + १/३ − १/४ + १/५ − … ही गणितातल्या अगदी ओळखीच्या श्रेणींपैकी एक आहे. तिची बेरीज २ या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे ln २, सुमारे ०.६९३१ इतकी येते. याच श्रेणीची बेरीज शून्य आहे असे ‘सिद्ध’ करणारी एक छोटी मांडणी मात्र वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना चकवत आली आहे. तिच्यातली प्रत्येक ओळ सुटी वाचली तर खरी वाटते, त्यामुळे चूक नेमकी कुठे आहे ते पटकन बोट ठेवून सांगता येत नाही.

मांडणी अशी. विषम छेदांची पदे अधिक चिन्हाची आहेत आणि सम छेदांची उणे चिन्हाची. म्हणून विषम पदांची बेरीज ‘वि’ आणि सम पदांची बेरीज ‘स’ मानली, तर हवी असलेली बेरीज वि − स होईल. सगळी पदे अधिक चिन्हाने घेतली तर १ + १/२ + १/३ + १/४ + … ही श्रेणी मिळते. तिला हरात्मक श्रेणी म्हणतात. तिची बेरीज H मानू. अर्थातच वि + स = H. आता सम पदांकडे पाहिले तर १/२ + १/४ + १/६ + … मधून १/२ हा समाईक अवयव बाहेर काढता येतो आणि कंसात १ + १/२ + १/३ + …, म्हणजे पुन्हा H उरते. म्हणून स = H/२. मग वि − स = (वि + स) − २स = H − H = ०.

हे उत्तर चुकीचे आहे हे ओळखायला लॉगॅरिदमची गरज नाही. पदे दोन-दोनच्या जोडीने घेतली तर (१ − १/२) + (१/३ − १/४) + (१/५ − १/६) + … अशी रचना होते. प्रत्येक कंसातली किंमत धन आहे आणि पहिल्या कंसाचीच किंमत अर्धा आहे. म्हणजे बेरीज अर्ध्यापेक्षा मोठी असलीच पाहिजे. ती शून्य होणे शक्य नाही. उत्तर चुकले आहे एवढे यातून कळते. कोणती पायरी चुकली ते शोधण्यासाठी ‘अनंत पदांची बेरीज’ म्हणजे नेमके काय, इथपर्यंत मागे जावे लागते.

अनंत पदे कोणीही खरोखर मिळवू शकत नाही. मिळवता येतात ती पहिली दहा, पहिली शंभर, पहिली हजार पदे. अशा प्रत्येक बेरजेला आंशिक बेरीज म्हणतात. पदांची संख्या वाढवत गेल्यावर आंशिक बेरजा एखाद्या ठरावीक संख्येच्या हव्या तितक्या जवळ जाऊन तिथेच राहत असतील, तर ती श्रेणी अभिसारी, आणि ती संख्या म्हणजे श्रेणीची बेरीज. तसे होत नसेल तर श्रेणी अपसारी, आणि अपसारी श्रेणीला बेरीजच नसते. ही भूमिका फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात ठामपणे मांडली. तिच्या आधीच्या दीडशे वर्षांत मोठमोठे गणिती अपसारी श्रेणींशी बेधडक खेळत होते आणि पुष्कळदा बरोबर उत्तरापर्यंत पोचतही होते.

हरात्मक श्रेणी अपसारी आहे. तिची पदे लहान लहान होत जातात, तरी बेरीज कोणत्याही मर्यादेत राहत नाही. चौदाव्या शतकात निकोल ओरेम यांनी दिलेला त्याचा पुरावा आजही शिकवला जातो. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८ ही चार पदे मिळून अर्ध्याहून जास्त. १/९ ते १/१६ ही आठ पदे मिळूनही अर्ध्याहून जास्त. असे अर्धे-अर्धे कितीही वेळा मिळत राहतात, म्हणून बेरजेला वरची मर्यादा नाही. वाढ फार सावकाश होते एवढेच. पहिल्या दहा पदांची बेरीज सुमारे २.९३, पहिल्या हजार पदांची सुमारे ७.४९.

आता ती फसवी मांडणी पुन्हा वाचली तर तिच्यातला H ही संख्याच नाही असे दिसते. ‘वि’ही संख्या नाही आणि ‘स’ही नाही. H − H हे चिन्ह बीजगणितातल्या क − क सारखे दिसते, पण जिथे संख्याच नाही तिथे वजाबाकीचा नियम लागू करता येत नाही. ‘अनंतातून अनंत वजा करू नये’ हा नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो. तरी चूक होते, कारण मांडणीत ∞ हे चिन्ह कुठे लिहिलेलेच नसते. ते H या साध्या अक्षरामागे दडलेले असते. अक्षर एकदा लिहिले की हात सवयीने बीजगणित करू लागतो.

एवढ्यावर थांबले तर नियमभंग सापडतो, पण हरवलेले ०.६९३१ कुठे गेले ते कळत नाही. ते शोधायचे असेल तर प्रत्येक ओळीतली अनंत बेरीज काढून तिच्या जागी ठरावीक पदांची बेरीज लिहावी. हरात्मक श्रेणीच्या पहिल्या N पदांच्या बेरजेला H(N) म्हणू. मूळ श्रेणीची पहिली २N पदे घेतली तर त्यांत N पदे विषम छेदांची आणि N सम छेदांची असतात. सगळी पदे अधिक चिन्हाने मिळवली तर बेरीज H(२N) होते, कारण छेद १ पासून २N पर्यंत जातात. सम पदे १/२, १/४, … १/(२N) अशी आहेत. त्यांतून अर्धा बाहेर काढला की कंसात १ + १/२ + … + १/N उरते. ही बेरीज H(N) आहे, H(२N) नव्हे. म्हणून मूळ श्रेणीची आंशिक बेरीज H(२N) − H(N) येते.

सगळी चूक इथे उघडी पडते. फसव्या मांडणीत दोन्ही ठिकाणी एकच अक्षर H लिहिले होते, पण पहिला H दुसऱ्याच्या दुप्पट लांब आहे. पदांची संख्या लिहिलीच नव्हती, त्यामुळे हा लांबीतला फरक दिसला नाही. जे खोडले गेले ते शून्य नव्हते. ते होते १/(N+१) पासून १/(२N) पर्यंतच्या पदांचे एक शेपूट.

हे शेपूट N वाढवल्यावर नाहीसे होईल असे वाटू शकते, कारण त्यातले प्रत्येक पद शून्याकडे जाते. पण पदे जितकी लहान होतात तितकीच त्यांची संख्या वाढते. शेपटात N पदे आहेत आणि सर्वांत लहान पद १/(२N) आहे. म्हणून शेपूट कधीही अर्ध्यापेक्षा कमी होत नाही. N = २ असताना ते १/३ + १/४, म्हणजे सुमारे ०.५८३३ असते. N = ५ असताना ०.६४५६, N = १० असताना ०.६६८८ आणि N = १०० असताना सुमारे ०.६९०७. ते ln २ कडे जाते, याचे कारणही सांगता येते. H(N) ही बेरीज N च्या नैसर्गिक लॉगॅरिदमबरोबर वाढते आणि दोघांतला फरक सुमारे ०.५७७२ या संख्येकडे जातो. ही संख्या ऑयलर यांच्या नावाने ओळखली जाते. H(२N) मधून H(N) वजा केल्यावर तो फरक दोन्हीकडून निघून जातो आणि ln २N − ln N, म्हणजेच ln २ उरते. हरवलेले उत्तर पूर्णपणे त्या शेपटातच होते.

या फसव्या मांडणीतून एक खरा निष्कर्षही काढता येतो. हरात्मक श्रेणीला बेरीज आहे, ती H ही खरीखुरी संख्या आहे, असे क्षणभर गृहीत धरावे. मग सम पदांची बेरीज खरोखर H/२ होईल, विषम पदांचीही बेरीज अस्तित्वात असेल, वरच्या सगळ्या पायऱ्या वैध ठरतील आणि एकाआड एक चिन्हांच्या श्रेणीची बेरीज शून्य यावीच लागेल. पण ती अर्ध्याहून मोठी आहे हे कंसांच्या जोड्यांवरून ठरलेलेच आहे. विसंगती आली, म्हणजे गृहीतच खोटे. म्हणून हरात्मक श्रेणी अपसारी आहे. तीच गणिती वाक्ये, पण ‘H संख्या आहे’ हे गृहीतक उघड लिहिल्यामुळे ती आता एका शुद्ध सिद्धतेचा भाग झाली आहेत. याकोब बर्नोली यांच्या अनंत श्रेणींवरील १६८९ च्या ग्रंथात त्यांचे धाकटे भाऊ योहान यांनी दिलेली हरात्मक श्रेणीच्या अपसरणाची सिद्धताही याच धाटणीची आहे. पदांची फेरमांडणी करून ते अशा ठिकाणी पोचतात की बेरीज स्वतःहून एकाने मोठी ठरते. कोणतीही संख्या असे करू शकत नाही, म्हणून बेरीज ही संख्या नाही.

शून्यासारखे अशक्य उत्तर आले की निदान शंका तरी येते. खरा धोका बरोबर उत्तर आल्यावर असतो. १६७२ साली पॅरिसमध्ये क्रिस्तियान हायगेन्स यांनी तरुण लायबनिट्झ यांना एक प्रश्न घातला: १ + १/३ + १/६ + १/१० + … या त्रिकोणी संख्यांच्या व्यस्तांची बेरीज किती? लायबनिट्झ यांनी उत्तर काढले २. या श्रेणीचे प्रत्येक पद अर्धे केले की १/२ + १/६ + १/१२ + १/२० + … ही श्रेणी मिळते. तिचे सामान्य पद १/(n(n+१)) आहे आणि ते १/n − १/(n+१) असे फोडता येते. आता घाईत असे लिहिले जाते: पहिल्या भागांची बेरीज १ + १/२ + १/३ + …, म्हणजे H. दुसऱ्या भागांची बेरीज १/२ + १/३ + १/४ + …, म्हणजे H − १. वजाबाकी १. उत्तर बरोबर आहे. पद्धत मात्र चुकीची आहे, कारण पुन्हा एकदा दोन अपसारी श्रेणींची वजाबाकी झाली.

ही केवळ कर्मठपणाची तक्रार नव्हे, हे एका साध्या युक्तीने दाखवता येते. १/n ऐवजी (n+१)/n घ्यावे, म्हणजे प्रत्येक पदात १ मिळवावा. आणि १/(n+१) ऐवजी (n+२)/(n+१) घ्यावे, म्हणजे तिथेही १ मिळवावा. दोन्हींतला फरक तोच, १/(n(n+१)). आता पहिल्या भागांची श्रेणी २ + ३/२ + ४/३ + … अशी आणि दुसऱ्या भागांची ३/२ + ४/३ + ५/४ + … अशी होते. दुसरी म्हणजे पहिलीतून २ काढून टाकलेली श्रेणी. वजाबाकी केली की उत्तर २ येते. त्याच श्रेणीची बेरीज मघाशी १ होती. दोन्ही बाजूंना १ ऐवजी ९९ मिळवले तर उत्तर १०० येईल. हवे ते उत्तर देणारी पद्धत कोणत्याच उत्तराचा पुरावा होऊ शकत नाही.

ठरावीक पदे घेऊन पाहिले की दोन्ही वेळचे रहस्य एकदम उलगडते. पहिल्या N पदांत मधली सगळी पदे एकमेकांना खरोखरच खोडतात, कारण तिथे अनंत काहीच नाही. पहिल्या फोडीत सुरुवातीचा १ आणि शेवटचा −१/(N+१) एवढेच उरते. N वाढला की शेवटचा तुकडा शून्याकडे जातो, उत्तर १. दुसऱ्या फोडीत सुरुवातीचा २ आणि शेवटचा −(N+२)/(N+१) उरतो. हा शेवटचा तुकडा शून्याकडे जात नाही, १ कडे जातो; उत्तर २ − १ = १. घाईच्या पद्धतीत शेवटचा तुकडा कधी लिहिलाच जात नाही. पहिल्या फोडीत तो योगायोगाने शून्याकडे जाणारा होता, म्हणून त्याची अनुपस्थिती खपून गेली. उत्तरपत्रिकेत अशा उत्तराला पूर्ण गुण मिळाले, तर पुढच्या उदाहरणात तोच विद्यार्थी तीच पद्धत विश्वासाने वापरतो आणि फसतो.

असे पुढचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण त्यात चूक अधिक खोल लपते. प्रश्न असा: १/(१×३) + १/(२×५) + १/(३×७) + १/(४×९) + … ही बेरीज काढा. सामान्य पद १/(n(२n+१)) आहे. आंशिक अपूर्णांकांत फोडले तर ते १/n − २/(२n+१) होते; n = १ साठी १ − २/३ = १/३, म्हणजे फोड बरोबर आहे. आता उत्तर असे लिहिले जाते. पहिल्या भागांची बेरीज H. दुसऱ्या भागांत २ हा अवयव बाहेर काढला की १/३ + १/५ + १/७ + … उरते. ही विषम छेदांची श्रेणी, फक्त पहिले पद १ वगळून. म्हणजे सगळ्यांच्या बेरजेतून सम पदांची बेरीज आणि १ वजा केल्यावर उरणारी, H − H/२ − १. एकूण उत्तर H − २(H − H/२ − १) = H − २H + H + २ = २.

इथे H शेवटी पूर्णपणे नाहीसा होतो आणि २ ही नीटनेटकी संख्या हाती येते, म्हणून संशय येत नाही. तरीही उत्तर तपासायला अर्धा मिनिट पुरतो. १/(n(२n+१)) हे पद प्रत्येक वेळी १/(n(n+१)) पेक्षा लहान आहे, आणि त्या मोठ्या पदांची बेरीज १ आहे हे नुकतेच दिसले. म्हणजे हवी असलेली बेरीज १ पेक्षाही कमी असणार; २ येणे अशक्य. कॅल्क्युलेटर जवळ असेल तर पहिली पाच पदे मिळवून ०.५२६९ आणि पहिली दहा मिळवून ०.५६७२ येते. वाढ मंदावत चालली आहे हे स्पष्ट दिसते.

दुरुस्ती पुन्हा तीच: प्रत्येक बेरजेला लांबी द्यायची. पहिल्या N पदांत पहिल्या भागांची बेरीज H(N). दुसऱ्या भागांत छेद ३, ५, ७, … असे २N+१ पर्यंत जातात. १ पासून २N+१ पर्यंतच्या सगळ्या छेदांची बेरीज H(२N+१). तिच्यातून सम छेदांची बेरीज वजा करायची, पण सम छेद २ पासून २N पर्यंत आहेत, म्हणून ती बेरीज H(N)/२. शिवाय १ वजा करायचा. म्हणजे दुसरा कंस H(२N+१) − H(N)/२ − १ असा झाला. सगळे एकत्र केले की H(N) − २H(२N+१) + H(N) + २, म्हणजे २ − २[H(२N+१) − H(N)] मिळते. चौकोनी कंसात ते मघाचेच शेपूट आहे; फक्त एक पद जास्त, आणि ते एकटे पद शून्याकडे जाते. शेपूट ln २ कडे जाते, म्हणून बेरीज २ − २ ln २, सुमारे ०.६१३७. चुकीच्या उत्तरात जे २ आले होते त्यातून शेपटाची दुप्पट वजा व्हायला हवी होती. मांडणीत H हे अक्षर तीन वेळा आले, आणि त्यातला एक H इतरांहून लांब होता.

अशी मांडणी तपासणाऱ्याने म्हणून एकच गोष्ट पाहावी. बेरजेची फोड जिथे झाली, तिथे दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे अभिसारी आहेत का? असतील तर पुढे जायला हरकत नाही: दोन अभिसारी श्रेणींची पदागणिक वजाबाकी केली तर नवी श्रेणीही अभिसारी असते आणि तिची बेरीज म्हणजे दोन बेरजांची वजाबाकी. मूळ श्रेणी अभिसारी असताना एक तुकडा अपसारी निघाला, तर दुसरा तपासायची गरजच नाही, तोही अपसारीच असतो. एकटा अपसारी तुकडा अभिसारी बेरीज देऊ शकत नाही. म्हणून फोडीतला कोणताही एक तुकडा १/n च्या पटीसारखा वागताना दिसला, की तिथेच थांबून N लिहायला घ्यावे. १/n, २/(२n+१), १/(३n−१) ही सगळी याच जातीची पदे आहेत. आंशिक अपूर्णांकांची फोड स्वतः कधीच चूक नसते. ती एका पदाची ओळख आहे. चूक होते ती त्या फोडीवरून बेरजेचे चिन्ह दोन्ही तुकड्यांवर स्वतंत्रपणे ठेवताना.

हा निकष किती नेमका आहे हे पाहायचे तर पहिलीच फसवी मांडणी १/n ऐवजी १/n² घेऊन पुन्हा करावी. श्रेणी १ − १/४ + १/९ − १/१६ + … घेतली. सगळी पदे अधिक चिन्हाने मिळवली तर बेरीज Q मानू. ती π²/६, सुमारे १.६४४९ असते, हे ऑयलर यांनी दाखवले. सम छेदांची पदे १/४ + १/१६ + १/३६ + … यांतून १/४ बाहेर काढला की पुन्हा Q उरते, म्हणून सम पदांची बेरीज Q/४. हवी असलेली बेरीज Q − २(Q/४) = Q/२, म्हणजे π²/१२, सुमारे ०.८२२५. शब्द न् शब्द तीच मांडणी, आणि हे उत्तर पूर्णपणे बरोबर आहे. कारण इथे Q ही खरी संख्या आहे. लांबीचा घोळ इथेही आहेच: नेमके लिहायचे तर Q(२N) − Q(N)/२ लिहायला हवे. पण Q(२N) आणि Q(N) यांच्यातले शेपूट म्हणजे N पदे, प्रत्येक १/N² पेक्षा लहान, म्हणून एकूण १/N पेक्षा कमी. ते शून्याकडे जाते आणि घोळ निरुपद्रवी ठरतो. हरात्मक श्रेणीत शेपूट अर्ध्याखाली कधीच येत नव्हते.

याच ठिकाणी हा विषय पदांच्या क्रमाच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. अधिक पदे एका ओळीत आणि उणे पदे दुसऱ्या ओळीत वेगळी लिहिली, की कोणत्या ओळीतली किती पदे एका वेळी घ्यायची ही माहिती नाहीशी होते. निरपेक्ष अभिसारी श्रेणीत, म्हणजे सगळी चिन्हे अधिक केली तरी अभिसारी राहणाऱ्या श्रेणीत, ही माहिती लागत नाही. १ − १/२ + १/३ − … सारख्या श्रेणीत तिच्यावरच उत्तर अवलंबून असते. एक अधिक पद आणि दोन उणे पदे अशा क्रमाने घेतली तर १ − १/२ − १/४ + १/३ − १/६ − १/८ + … ची बेरीज ln २ च्या निम्मी येते. एक अधिक आणि चार उणे घेतली तर ती खरोखर शून्य येते. पदे तीच, क्रम वेगळा, आणि म्हणून श्रेणीही वेगळी. अशा श्रेणींत पदांच्या क्रमाने बेरीज बदलते हे डिरिक्ले यांनी १८३७ साली दाखवले. रीमान यांनी १८५४ च्या प्रबंधात त्याहून व्यापक गोष्ट सांगितली: क्रम योग्य निवडला तर बेरीज हवी ती संख्या करता येते.

हीच चूक संकलनातही त्याच रूपात भेटते. (e^(−x) − e^(−२x))/x या फलाचे ० पासून अनंतापर्यंतचे संकल काढायचे आहे. घाईत त्याचे दोन तुकडे केले जातात. दुसऱ्या तुकड्यात २x = t ठेवले की तो हुबेहूब पहिल्यासारखा दिसतो, कारण ० ची दुप्पट ० च आणि अनंताची दुप्पट अनंतच. वजाबाकी शून्य. पण e^(−x) नेहमी e^(−२x) पेक्षा मोठे आहे. सगळीकडे धन असलेल्या फलाचे संकल शून्य येऊ शकत नाही. दोन्ही तुकडे शून्याजवळ १/x सारखे वाढतात, म्हणून दोन्ही अपसारी आहेत. दुरुस्तीसाठी खालची सीमा ० ऐवजी एक छोटी धन संख्या h घ्यावी. आता पहिला तुकडा h पासून सुरू होतो आणि दुसरा, t घातल्यावर, २h पासून. २h च्या पुढे दोन्ही एकमेकांना खरोखर खोडतात आणि h ते २h एवढ्या चिंचोळ्या पट्टीवरचे संकल उरते. तिथे e^(−x) जवळजवळ १ आहे, म्हणून उरते ते १/x चे h पासून २h पर्यंतचे संकल, म्हणजे ln २h − ln h. h कितीही लहान घेतला तरी हे मूल्य ln २ च राहते.